वर्डच्या अहवालात मधली काही पानं आडवी हवी आहेत आणि पीडीएफही नीट हवी आहे

शाईपेन

नमस्कार मंडळी. ६२ पानांचा अहवाल वर्डमध्ये तयार आहे आणि दोन तक्त्यांपाशी अडले आहे. पहिला तक्ता १२ स्तंभांचा आहे, पान ३१ पासून सुरू होतो. दुसरा शेवटच्या परिशिष्टात आहे. बाकी सगळा मजकूर उभ्या पानावर छान बसलाय, पण हे दोन तक्ते उभ्या पानात मावतच नाहीत. आकडे दोन-दोन ओळींत तुटतात.

काल Layout मध्ये जाऊन Orientation बदललं तर सगळाच्या सगळा अहवाल आडवा झाला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तक्त्याच्या आधी ब्रेक टाकला, तर तक्त्यापासून शेवटपर्यंत सगळं आडवं झालं. तो ब्रेक काढून टाकला तर पहिली ३० पानंसुद्धा आडवी झाली! तेव्हापासून हात लावायची भीती वाटतेय.

शिवाय आडव्या पानावर पान क्रमांक उजव्या कोपऱ्यात न राहता मध्येच कुठेतरी येतो. शेवटी हे सगळं एकाच पीडीएफमध्ये द्यायचंय. मजकुराची आणि तक्त्याची वेगळी पीडीएफ करून जोडता येईल हे माहीत आहे, पण अहवालात अजून दुरुस्त्या येणार आहेत, दर वेळी कापाकापी नको. कृपया नीट सांगा.

वाटसरू_

पीडीएफ झाल्यावर तेवढी पानं फिरवायची ना. कुठल्याही पीडीएफ वाचकात पान फिरवायची सोय असते. वर्डमध्ये डोकं घालायची गरज नाही.

चौकट

एक्सेलमध्ये Page Layout ला जा, Width ला 1 page निवडा. सगळे स्तंभ एका पानावर येतात. मी नेहमी तसंच करतो, कधी अडचण आली नाही.

शाईपेन

चौकट, तक्ता वर्डमध्येच आहे हो. मूळ आकडे एक्सेलमधून आले होते, पण आता वर्डमध्ये तळटिपा वगैरे जोडून झाल्यात.

अक्षरजुळणी

शाईपेन, घाबरू नका. जे झालं त्याला सरळ कारण आहे आणि ते एकदा कळलं की पुन्हा फसगत होत नाही.

वर्डमध्ये उभं-आडवं हा पानाचा गुण नाही, सेक्शनचा आहे. 'पान ३१ आडवं कर' असं वर्डला सांगताच येत नाही, कारण मजकूर वाढला-घटला की पान ३१ वर दुसरंच काहीतरी येतं. म्हणून तक्त्याचा स्वतंत्र सेक्शन करावा लागतो. त्यासाठी एक ब्रेक तक्त्याच्या आधी हवा आणि एक नंतर. तुम्ही फक्त आधी टाकलात, त्यामुळे दुसरा सेक्शन तक्त्यापासून अहवालाच्या शेवटापर्यंत गेला आणि तेवढा सगळा आडवा झाला.

आता ती ३० पानं का फिरली ते. सेक्शनची सगळी माहिती, म्हणजे कागदाचा आकार, दिशा, मार्जिन, हेडर-फूटर, ही त्या सेक्शनच्या शेवटी असलेल्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. सुरुवातीला नव्हे, शेवटी. शेवटच्या सेक्शनची माहिती दस्तऐवजाच्या अगदी शेवटी असते. तुम्ही तो ब्रेक काढलात तेव्हा पहिल्या ३० पानांची उभी मांडणी ज्यात लिहिली होती तोच पुसला गेला. मग ती ३० पानं पुढच्या सेक्शनमध्ये मिसळली, आणि पुढचा सेक्शन आडवा होता. ब्रेक काढला की वरचा मजकूर खालच्याचं रूप घेतो, एवढं लक्षात ठेवा.

करायचं असं. Home वरचं ¶ चिन्ह दाबून ठेवा, म्हणजे ब्रेक डोळ्यांना दिसतात. खालच्या पट्टीवर उजवी टिचकी मारून Section ला खूण करा, म्हणजे कर्सर कितव्या सेक्शनमध्ये आहे ते कायम दिसत राहील. अहवाल अजून आडवाच असेल तर आधी Orientation मधून सगळा पुन्हा उभा करा. मग तक्त्याच्या वरचं शीर्षक आणि तक्ता दोन्ही निवडा. Layout मध्ये Page Setup गटाच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबा, Landscape निवडा आणि खाली Apply to मध्ये Selected text निवडून OK करा. वर्ड आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही ब्रेक स्वतः टाकतं.

शीर्षक निवडायला विसरू नका. ते राहिलं तर शीर्षक उभ्या पानाच्या तळाशी आणि तक्ता पुढच्या आडव्या पानावर, अशी ताटातूट होते.

रानफूल

हे 'ब्रेकमध्ये माहिती शेवटी असते' मला आज कळलं. इतकी वर्षं मी अंदाजाने Ctrl+Z करत आले.

वाटसरू_

एवढं सगळं करण्यापेक्षा फिरवणं सोपं नाही का? मी दर महिन्याला करतो.

अक्षरजुळणी

वाटसरू, तुमची पद्धत एका बाबतीत बरोबर आहे: तक्ता आधीच पानावर आडवा पडलेला असेल, म्हणजे अक्षरं कडेवर झोपलेली असतील, तर पीडीएफमध्ये पान फिरवून तो सरळ वाचता येतो. पण शाईपेन यांचा तक्ता उभ्या पानात मावतच नाही. जे स्तंभ वर्डमध्ये पानाच्या कडेबाहेर गेले ते पीडीएफमध्ये दिसणारच नाहीत. मग पान कितीही फिरवा, कापलेला भाग परत येत नाही. आणि दुसरं, वाचकात नुसतं Rotate View केलं तर ते फक्त तुमच्या पडद्यापुरतं असतं. फाइल पुढे पाठवली की समोरच्याला जुनीच दिशा दिसते.

वाटसरू_

हं. माझे तक्ते स्कॅन केलेले असतात, म्हणून मला जमत असावं. मान्य.

टिपणवही

मला मुळातच शंका आहे. आडवं पान केल्याने तक्ता खरंच मावतो का, हे आधी मोजून पाहावं. लोक पान फिरवतात आणि मग तरीही अक्षरं सात पॉइंटवर नेतात.

अक्षरजुळणी

टिपणवहींचा मुद्दा रास्त आहे, मोजूनच पाहू.

ए४ कागद २१ बाय २९.७ सेमी. चारही बाजूंना २.५४ सेमी मार्जिन धरलं तर उभ्या पानावर मजकुराला १५.९२ सेमी रुंदी मिळते, आडव्यावर २४.६२. म्हणजे साधारण दीडपटीहून थोडी जास्त. दुप्पट नाही, हे ध्यानात असावं.

आता १२ स्तंभ. समजा क्रमांकाचा १.२ सेमी, नावाचा ५ सेमी आणि उरलेले दहा आकड्यांचे. उभ्या पानावर त्या दहांना मिळून ९.७२ सेमी उरतात, म्हणजे प्रत्येकी एक सेंटीमीटरही नाही. त्यात वर्ड प्रत्येक चौकटीत डावी-उजवीकडे ०.१९ सेमी जागा सोडतं. अक्षरांसाठी राहिले जेमतेम ०.६ सेमी. दहा पॉइंटमध्ये '१२,४५०' लिहायला सुमारे एक सेंटीमीटर लागतो. आकडे तुटत होते ते यामुळेच.

आडव्या पानावर त्याच दहा स्तंभांना १८.४२ सेमी मिळतात, प्रत्येकी १.८४. आतली जागा वजा जाता १.४६ सेमी. दहा पॉइंटचा पाच अंकी आकडा आरामात बसतो. अक्षर लहान करायची गरज नाही.

पण हेच १८-२० स्तंभ असते तर आडवं पानही पुरलं नसतं. तिथे तक्ता दोन भागांत तोडणं किंवा तेवढ्या सेक्शनचा कागद ए३ करणं हेच मार्ग. सेक्शन वेगळा असल्याने कागदाचा आकारही वेगळा ठेवता येतो.

टिपणवही

मोजमाप दिल्याबद्दल आभार. तरी माझं मत सांगते: १२ स्तंभांपैकी वाचणाऱ्याला खरंच किती हवे असतात? मी असतं तर मुख्य मजकुरात पाच स्तंभांचा उभा तक्ता दिला असता आणि पूर्ण तक्ता परिशिष्टात आडवा. वाचता वाचता मध्येच पान फिरलं की ओघ तुटतो.

शाईपेन

टिपणवहीताई, पहिल्या तक्त्यातले सगळे स्तंभ तिथेच द्या असं अहवाल मागणाऱ्यांनी लिहून दिलंय. नाहीतर तुमचं म्हणणं पटतंय.

अक्षरजुळणी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. पान ३१ ते ३३ आडवी झाली, ३४ पासून पुन्हा उभी!! खूप खूप आभार. पण आता दोन गोष्टी. एक, पान क्रमांक अजून मध्येच आहे. दोन, ३३ नंतर एक कोरं आडवं पान आलंय. ते Delete ने जात नाही, आणि जास्त दाबायची भीती वाटते.

हेमंतरंग

कोऱ्या पानाचं मी सांगतो, मला याने खूप छळलंय.

वर्डमध्ये तक्त्यानंतर एक तरी परिच्छेद असावाच लागतो, रिकामा का होईना. तुमचा सेक्शन ब्रेक त्या रिकाम्या परिच्छेदात बसलाय. तक्ता पानाच्या तळापर्यंत पोचला की त्या परिच्छेदाला जागा उरत नाही, तो पुढच्या पानावर जातो, आणि सेक्शन आडवा असल्याने ते कोरं पानही आडवं. पूर्ण काढायला गेलात तर ब्रेकच जाईल आणि पुन्हा सगळं फिरेल.

काढू नका, बारीक करा. ¶ दाखवून ती ओळ निवडा, फॉन्टचा आकार 1 करा, परिच्छेदाच्या खिडकीत Before आणि After शून्य, Line spacing ला Exactly निवडून 1 pt. बहुतेक वेळा ती ओळ तक्त्याखाली सरकते आणि कोरं पान जातं. तेवढीही जागा नसेल तर तक्त्याची एखादी ओळ थोडी कमी उंच करा.

ब्रेकचा प्रकारही बघा. तिथे Next Page ऐवजी Odd Page पडला असेल तर वर्ड विषम क्रमांकाचं पान येण्यासाठी मध्ये मुद्दाम कोरं पान सोडतं. पडद्यावर ते दिसत नाही, पीडीएफमध्ये दिसतं.

धुकं

माझ्या पुस्तिकेत अगदी असंच झालं होतं, पडद्यावर ४० पानं आणि पीडीएफमध्ये ४१! मी फाइल बिघडली म्हणून सगळी नव्याने टंकली होती. Odd Page हेच असणार.

अक्षरजुळणी

हेमंतरंग यांनी सांगितलं ते अगदी नेमकं. आता पान क्रमांकाचं.

वर्डच्या तयार फूटरमध्ये उजव्या कोपऱ्यातला मजकूर टॅबने ढकललेला असतो. ए४ च्या साच्यात हे टॅब ७.९६ आणि १५.९२ सेमीवर असतात, म्हणजे उभ्या पानाचा मध्य आणि उजवी कड. आडवं पान झालं की मजकुराची रुंदी २४.६२ होते, पण टॅब तिथेच १५.९२ वर राहतो. म्हणून तुमचा क्रमांक पानाच्या दोन-तृतीयांशावर लटकतोय.

पुष्कळ लोक इथे आडव्या सेक्शनचा फूटर वेगळा करतात आणि टॅब हाताने सरकवतात. चालतं, पण त्यात एक खाच आहे. Link to Previous ही खूण प्रत्येक सेक्शनची स्वतःची असते. तुम्ही फक्त आडव्या सेक्शनची खूण काढलीत आणि तिथला फूटर बदललात, तर त्यानंतरचा उभा सेक्शन अजून आडव्याशी जोडलेला असतो, म्हणून तोही बदलतो. मग पान ३४ पासून क्रमांक कागदाबाहेर. त्यामुळे आधी तिसऱ्या सेक्शनची जोडणी तोडायची, मग दुसऱ्याची, आणि मगच बदल करायचा.

याहून बरी वाट म्हणजे फूटर वेगळा करायचाच नाही. फूटरमध्ये जाऊन क्रमांकाआधीचे साधे टॅब पुसा, आणि Header & Footer पट्टीवर Insert Alignment Tab मध्ये Right निवडा, Align relative to ला Margin. हा टॅब सेंटीमीटर मोजत नाही, त्या पानाची उजवी कड शोधतो. उभ्या पानावर १५.९२ ला, आडव्यावर २४.६२ ला, आपोआप. सगळे सेक्शन जोडलेलेच राहतात, त्यामुळे अहवालाचं नाव बदललं तरी एकाच जागी बदलावं लागतं. तुमच्या अजून दुरुस्त्या यायच्या आहेत म्हणून मी हीच वाट घ्या असं म्हणेन.

रानफूल

आणि पहिल्या आडव्या पानावर क्रमांक मुळीच दिसत नसेल तर? मला तसं व्हायचं.

अक्षरजुळणी

रानफूल, तुमच्या मुखपृष्ठासाठी Different First Page ला खूण असणार. नवा सेक्शन जुन्याच्या सगळ्या सवयी घेऊन जन्माला येतो, त्यात हीपण. मग आडव्या सेक्शनचं पहिलं पान स्वतःला मुखपृष्ठ समजतं आणि क्रमांक लपवतं. आडव्या सेक्शनमध्ये आणि त्यानंतरच्या उभ्या सेक्शनमध्ये ती खूण काढा. क्रमांक १ पासून सुरू झाला असेल तर Format Page Numbers मध्ये Continue from previous section निवडा.

नक्षत्रवेल

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. माझा प्रबंध छापून बांधायचाय. मार्गदर्शकांचं म्हणणं, बांधलेल्या प्रबंधात आडव्या पानाचा क्रमांकसुद्धा बाकी पानांच्याच जागी, म्हणजे पुस्तक उभं धरलं असता खाली आला पाहिजे. अक्षरजुळणी यांच्या पद्धतीने तो तक्त्याखाली येतो, म्हणजे पुस्तकात उजव्या कडेला आडवा पडलेला. काय करावं?

अक्षरजुळणी

नक्षत्रवेल, छापील पुस्तकात तशी जुनी पद्धत आहे खरी. तिथे मात्र फूटर वेगळा करावाच लागतो. तक्त्याचा माथा बांधणीकडे ठेवायचा असतो. मग पडद्यावर आडव्या पानाची जी डावी कड दिसते तीच पुस्तकात खालची कड होते. म्हणून आडव्या सेक्शनचं हेडर-फूटर आधी सांगितलं त्या क्रमाने तोडा, तिथला क्रमांक काढा, हेडरमध्ये जाऊन एक Text Box टाका, त्यात पान क्रमांकाचं फील्ड घाला, Text Direction ला Rotate all text 90° करा. मग तो बॉक्स पानाच्या डाव्या कडेला नेऊन त्याची जागा Page च्या हिशेबात पक्की करा. एक कागद छापून हातात धरून बघा, पडद्यावर हे डोक्यात शिरत नाही.

मार्जिनही तपासा. बांधणीसाठी तुम्ही डावीकडे जास्त जागा सोडली असेल, तर दिशा बदलताना वर्ड मार्जिनही फिरवतं आणि ती जास्तीची जागा डावीकडे राहत नाही. आडव्या पानावर ती माथ्याकडे हवी. चारही आकडे डोळ्यांखालून घाला.

टिपणवही

इथे माझा विरोध नोंदवते. आता बहुतेक अहवाल पडद्यावर वाचतात. तिथे कडेला झोपलेला क्रमांक वाचायला मान वाकवावी लागते. छापायचं नसेल तर क्रमांक तक्त्याखाली सरळच असावा.

नक्षत्रवेल

माझ्या बाबतीत दोन्ही द्यायचंय, छापील प्रतही आणि पीडीएफही. एकच फाइल दोन्हीकडे. पडद्यावरच्यांना मान वाकवायला लावू की मार्गदर्शकांना नाराज करू?

हेमंतरंग

दोन फायली ठेवाव्यात असं माझं मत. पण मग दुरुस्त्या दोन्हीकडे कराव्या लागतात, त्यात चुका होतात. याला चांगलं उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

पाऊलखुण

पीडीएफ करताना कुणी अडकलंय का? माझ्या वर्डमध्ये सगळं सुरेख दिसतं. पण पीडीएफ लहान करायला मी घोस्टस्क्रिप्ट वापरतो, आणि त्यानंतर एक उभं पान आपोआप आडवं होतं! वर्डमध्ये ते उभंच आहे. त्यावर एक तक्ता आहे, ज्यात मी चौकटींमधला मजकूर ९० अंशांत फिरवलाय, म्हणजे सेक्शन ब्रेकच्या भानगडीत पडावं लागत नाही.

अक्षरजुळणी

पाऊलखुण, तुमचा दोषी सापडला. घोस्टस्क्रिप्ट पीडीएफ लिहिताना प्रत्येक पानावरचा जास्तीत जास्त मजकूर कुठल्या दिशेला आहे ते बघतो आणि त्याप्रमाणे पान फिरवतो. तुमच्या पानावर फिरवलेला मजकूर जास्त, म्हणून त्याने ते आडवं ठरवलं. तक्ता सरळ दिसतो, पण हेडर आणि पान क्रमांक कडेवर जातात. त्याला सांगा की फिरवू नकोस:

```
gs -sDEVICE=pdfwrite -dAutoRotatePages=/None -o lahan.pdf ahwal.pdf
```

पीडीएफ बनवणाऱ्या इतर काही साधनांतही Auto-Rotate Pages नावाची अशीच निवड असते. ती Off करा.

बाकी तुमची चौकटी फिरवायची युक्ती लहान तक्त्याला चालेल, पण मोठ्याला नको. तक्ता पुढच्या पानावर गेला की शीर्षकाची ओळ कडेला येते आणि तिची पुनरावृत्ती करता येत नाही. आडव्या सेक्शनमध्ये शीर्षकाच्या ओळीवर Repeat Header Rows लावलं की ती तिन्ही पानांवर आपोआप येते. फक्त तक्त्याच्या Properties मध्ये Text wrapping None असू द्या.

पाऊलखुण

/None लावलं, पान पुन्हा उभं झालं. दोन महिने यात गेले होते. तक्ताही आता सेक्शनमध्ये टाकून बघतो.

धुकं

मी पीडीएफ करायला Print मध्ये जाऊन पीडीएफचा प्रिंटर निवडते. त्याने फरक पडतो का?

अक्षरजुळणी

पडतो. प्रिंटच्या वाटेने गेलात तर मध्ये प्रिंटरचा ड्रायव्हर येतो. त्याला वाटतं आपल्याकडे एकाच मापाचा उभा कागद आहे. मग आडव्या पानांचं काय करायचं हे तो ठरवतो: काही ड्रायव्हर नीट आडवं पान देतात, काही उभ्या पानावर मजकूर झोपवतात. माझ्या एका जुन्या संगणकावर या वाटेने तीन सेक्शनच्या तीन वेगळ्या फायली बनायच्या. शिवाय अनुक्रमणिकेतले दुवे प्रिंटच्या वाटेने मरतात.

File मधून Export, मग Create PDF/XPS, किंवा Save As मध्ये PDF. तिथे वर्ड स्वतः पीडीएफ लिहितं आणि प्रत्येक पानाला त्याच्या सेक्शनचं माप देतं. Options मध्ये Create bookmarks using आणि त्याखाली Headings ला खूण केलीत तर ६२ पानांत मथळ्यांवरून उड्याही मारता येतात.

झाल्यावर नुसती नजर टाकू नका, कारण बरेच वाचक पान स्वतःहून सरळ करून दाखवतात आणि चूक लपते. ज्यांच्याकडे पॉपलरची साधनं आहेत त्यांनी हे चालवा:

```
pdfinfo -f 30 -l 34 ahwal.pdf
```

वर्डच्या Export ने केलेल्या ए४ पीडीएफमध्ये उभ्या पानासमोर 595.32 x 841.92 दिसतं आणि आडव्यासमोर 841.92 x 595.32. दोन्हीकडे rot समोर 0 असावा. आडव्या पानाचं माप उभंच दिसलं आणि rot 90 किंवा 270 आला, तर पान मुळात उभं आहे आणि फक्त फिरवून दाखवलंय. वाचायला त्याने बिघडत नाही, पण अशा पानांवर पुढे पान क्रमांक किंवा शिक्का छापणारं साधन कधीकधी तो कडेला छापतं.

चौकट

मघाशी मी प्रश्न नीट वाचला नव्हता, क्षमस्व. पण एक भर घालतो. एक्सेलचा तक्ता वर्डमध्ये आणताना चित्र म्हणून चिकटवू नका. आडव्या पानावर चित्र ताणलं की अक्षरं धूसर होतात आणि पीडीएफमध्ये आकडे शोधताही येत नाहीत. तक्ता म्हणून चिकटवा आणि मग AutoFit मध्ये AutoFit Window दाबा. आडव्या पानाची पूर्ण रुंदी घेतो.

अक्षरजुळणी

बरोबर. फक्त दिशा बदलल्यानंतर दाबा, आधी दाबलं तर उभ्या पानाच्या १५.९२ वरच थांबतो आणि आडव्या पानावर उजवीकडे मोकळी जागा राहते. आणि त्यानंतर स्तंभांच्या रुंदी हाताने ठरवून Fixed Column Width करून टाका, म्हणजे पुढे एखादा लांब आकडा आला तरी तक्ता हलणार नाही.

साधीसरळ

मी लिब्रेऑफिस वापरते, तिथे सेक्शन ब्रेकने दिशा बदलतच नाही. सेक्शन नावाची गोष्ट आहे, पण तिचा कागदाशी संबंध दिसत नाही. बराच वेळ शोधत बसले.

हेमंतरंग

साधीसरळ, तिथे दिशा पानाच्या शैलीत असते. Insert मध्ये More Breaks, मग Manual Break, Page break निवडून शैलीला Landscape द्या. तक्ता संपला की पुन्हा तसाच ब्रेक टाकून Default Page Style. ते दोन ब्रेक इथेही लागतातच. पीडीएफ File मधून Export As ने.

साधीसरळ

जमलं! पण हीच फाइल docx करून वर्डवाल्यांना पाठवली की फूटर हलतो.

हेमंतरंग

तो मलाही हलताना दिसतो. मी शेवटची पीडीएफ ज्यात लिहिलं त्यातूनच काढतो. पाठवायचीच असेल तर पीडीएफ पाठवतो.

शाईपेन

परत आले. सगळं लावून पाहिलं, कळवते.

शेवटची ओळ १ पॉइंट केली, कोरं पान गेलं. Alignment Tab लावला, पान क्रमांक ३१, ३२, ३३ वर उजव्या कडेला नीट आला. परिशिष्टातला तक्ता अहवालाच्या शेवटी असल्याने तिथे एकच ब्रेक पुरला, तक्त्याआधीचा, म्हणजे शेवटचा सेक्शनच आडवा. Export ने पीडीएफ केली. ऑफिसातल्या एका मुलाकडून pdfinfo चालवून घेतलं: ३० ला 595.32 x 841.92, ३१ ते ३३ ला उलट, ३४ ला पुन्हा पहिलं. rot सगळीकडे 0.

एकच राहिलंय. आज पान २८ वर एक परिच्छेद वाढवला, तर थोडा मजकूर पान ३१ वर सरकला आणि ते पान अर्धंअधिक मोकळं राहिलं, कारण तक्ता नव्या आडव्या पानावरच सुरू होतो. मोकळी जागा वाईट दिसते.

टिपणवही

तेच तर मी म्हणत होते, ओघ तुटतो. तक्त्यानंतरचे एक-दोन परिच्छेद तक्त्याच्या आधी आणता येतात का बघा. 'पुढील तक्त्यात दिसेल' असं लिहून. वर्ड हे स्वतःहून करत नाही, आडव्या सेक्शनच्या मागचा मजकूर पुढे ओढून मोकळी जागा भरायची सोय त्यात नाही.

शाईपेन

आणता येतील, दोन परिच्छेद तक्त्याचंच विवेचन आहेत. पण शेवटची दुरुस्ती येईपर्यंत थांबते, नाहीतर पुन्हा ढकलाढकल. परवा मजकूर पक्का होतोय. मग आधी परिच्छेद हलवते, मग कोरं पान पुन्हा आलंय का बघते, मग Export.

हेमंतरंग

अनुक्रमणिका ताजी करायला विसरू नका. Ctrl+A आणि F9, Export च्या आधी. तक्त्यांची यादी असेल तर तीही त्यातच येते.

नक्षत्रवेल

माझं Text Box चं छापून पाहिलं. पहिल्या वेळी क्रमांक उलटा आला, मी 270° केलं होतं. आता बरोबर खाली येतोय. पीडीएफचं मात्र मार्गदर्शकांना विचारूनच ठरवेन.